खिशातून आपोआप फोन लागतो, समोरच्याला नुसती खुडबुड ऐकू येते: दोष नेमका कुठं आहे तो कसा शोधायचा

मे महिन्यातली दुपार. अप्पांनी फोन काउंटरवर ठेवला तो जवळजवळ आपटलाच. "ह्याला भूत लागलंय बघ. म्या हात बी लावत नाही न् पुण्याला फोन जायलाय."

मानवतच्या मोंढ्याजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ही तक्रार उन्हाळ्यात जास्त येते, त्याचं कारण पुढं सांगतो. अप्पांच्या बाबतीत प्रकरण जरा हाताबाहेर गेलं होतं. आदल्या दिवशी सव्वाअकराला पुण्यातल्या मुलीला फोन गेला. ती "हॅलो अप्पा, हॅलो" करत राहिली, पलीकडून उत्तर नाही. गोधडीत तोंड खुपसून दोघंतिघं बोलतायत असा आवाज, मधेच काहीतरी घासल्यासारखी खरखर, आणि त्यातून जेमतेम कळलेले दोन शब्द: "अप्पा… गेला." पोरीनं ऑफिसातून रडत रडत सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. प्रत्यक्षात मोंढ्यावरचा हमाल म्हणाला होता, "अप्पा, टेम्पो गेला."

हा मधला "टेम्पो" कुठं गायब झाला, ते आधी बघू. फोन बिघडलाय की नुसता खिशातून लागलाय, हे ओळखायला त्याचा उपयोग होतो.

फोनचा बोलायचा माईक खालच्या कडेला, चार्जिंगच्या जागेजवळ असतो. त्याचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं. फोन खिशात असला की त्या भोकावर कापड आणि कापडामागं छाती किंवा मांडी दाबलेली. आवाजाचा जाड, खालच्या पट्टीतला भाग त्यातूनही आत शिरतो, पण बारीक, धारदार भाग तिथंच अडतो. स्वर जाड भागात असतात. स, श, च, ट, प ह्यांची ओळख बरीचशी बारीक भागात असते. म्हणून पलीकडच्याला "ओ-आ-ई" असा सूर ऐकू येतो, बोलण्याची लय कळते, माणूस कोण तेही कळतं, पण शब्द हाती लागत नाहीत. त्यात जुन्या पद्धतीचा कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढं नेतो, म्हणजे बारीक भाग त्यानं आधीच कापलेला असतो. आजकालच्या फोर-जी कॉलमध्ये साधारण ७००० पर्यंतचा आवाज जातो, म्हणून तो स्वच्छ वाटतो. खिशात मात्र ही जादाची श्रीमंती कापडच खाऊन टाकतं.

दुसरी गोष्ट फोनच्या हुशारीची. बहुतेक स्मार्टफोनला आणखी एक माईक वरच्या बाजूला असतो. तोंडासमोर फोन धरला की खालच्या माईकला आवाज मोठा येतो, वरच्याला कमी. त्या फरकावरून फोन ठरवतो की हे मालकाचं बोलणं आणि बाकीचा गोंगाट, आणि गोंगाट दाबून टाकतो. खिशात दोन्ही माईक सारखेच झाकलेले. मग मालकाचं बोलणं आणि शेजारच्या टेम्पोचं इंजिन ह्यातला फरक फोनला सापडत नाही. कधी तो दोन्ही दाबतो, कधी दोन्ही सोडतो. म्हणून शब्द अर्धे येतात, मधेच पार शांतता होते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीतरी फोनवर हात ठेवलाय. कापड मात्र थेट भोकावर घासत असतं, त्यामुळं ती खरखर माणसाच्या आवाजापेक्षा मोठी येते. खरखर पावलांच्या तालावर येत असेल तर फोन चालत्या माणसाच्या खिशात आहे असं खुशाल समजा.

फोन हातात धरून बोलतानाही आवाज गोधडीतून आल्यासारखा येत असेल, तर मात्र तो वेगळा आजार. आमच्याकडं जिनिंगवर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये कापसाचे तंतू त्या भोकात गच्च बसतात. कोरड्या मऊ ब्रशनं झाडावेत, सुई घालू नये. सुईनं आतला माईकच जातो आणि मग माझ्याकडं यावं लागतं.

खात्री करायची सोपी रीत: फोनमधला रेकॉर्डर चालू करा, फोन नेहमीसारखा खिशात टाका, दोन मिनिटं चाला, कुणाशी तरी बोला, मग ऐका. अप्पांना ऐकवलं तेव्हा म्हणाले, "हे तर भुताचंच बोलणं." ह्या प्रयोगात गोंगाट दाबण्याची करामत बहुधा नसते, त्यामुळं खरा कॉल ह्याहून वाईट ऐकू येतो.

सेटिंग उघडायच्या आधी कॉलची यादी उघडा

इथं बहुतेक जण चुकतात. तक्रार आली की लगेच दहा सेटिंग बदलतात, आणि खरा दोष भलतीकडंच राहतो. मी आधी कॉलची यादी बघतो. फोन कुणाला लागला, बाण बाहेर जाणारा आहे की आत येणारा, आणि कॉल किती वेळ चालला, एवढ्यात बरंचसं निदान होतं.

शेवटी ज्याच्याशी बोललात त्यालाच दर वेळी लागत असेल, तर तीन शक्यता: स्क्रीन उघडी राहून यादीतल्या पहिल्या नावाला स्पर्श झालेला, किंवा बटणाच्या फोनवर हिरवं बटण दोनदा दाबलं गेलेलं, किंवा गळ्यातल्या ब्लूटूथ नेकबँडचं बटण दाबलं गेलेलं. शेवटचा नंबर परत लावायची सोय बऱ्याच नेकबँडच्या बटणात असते, त्याला फोन उघडायचीही गरज नसते. एका टेम्पोवाल्याच्या फोनला मी पिन, कव्हर सगळं केलं, तरी फोन जातच होते. तो नेकबँड बंद न करता सीटवर टाकायचा आणि त्यावर बसायचा. दोष फोनचा नव्हताच.

कायम एकाच ठरावीक माणसाला लागत असेल आणि तो शेवटचा बोललेला नसेल, तर बटणाच्या फोनवर स्पीड डायल बघा. २ किंवा ३ धरून ठेवलं की तिथं नेमलेल्या नंबरला फोन जातो. ११२ ला लागला असेल तर त्याची वाट वेगळी, ती खाली सांगतो.

आणि बाण आत येणारा असेल, म्हणजे फोन समोरच्यानंच केला होता आणि कॉल गरजेपेक्षा कितीतरी लांब चालला असेल, तर खिशातून काही लागलेलं नाही. बोलणं संपल्यावर कॉल कापलाच गेला नाही. ऐकणाऱ्याला दोन्हींत फरक कळत नाही, इलाज मात्र पूर्ण वेगळा.

अप्पांच्या यादीत आठवड्यात तीन कॉल होते. तिन्ही बाहेर जाणारे, तिन्ही मुलीला, एक तर सात मिनिटांचा. अप्पा रोज रात्री तिच्याशी बोलतात, म्हणून सकाळी यादीच्या डोक्यावर तिचंच नाव. त्यांच्या फोनमधल्या डायलरला नावावर बोट टेकलं की थेट फोन लागतो, वेगळं हिरवं चिन्ह दाबावं लागत नाही. एवढं कळल्यावर प्रश्न उरला एकच: खिशात स्क्रीन जागी कशी राहते?

अप्पांच्या फोनमध्ये काय काय उघडं होतं

पहिलं, फोनला कुलूपच नव्हतं. `Swipe` म्हणजे नुसतं बोट सरकवून उघडणारं. हे कुलूप नव्हे, ही कडी न लावलेली कवाडं. बोटाचा ठसा त्यांना चालत नाही, शेतीकामानं बोटांच्या रेषा झिजल्यात, सेन्सर घेत नाही. पिन नको म्हणाले, विसरतो. मग पॅटर्न लावला, चार ठिपक्यांचा, खाली येऊन वळणारा. दोन वेळा काढून दाखवला आणि बोटाला पाठ झाला. खिशातल्या स्पर्शातून तो पॅटर्न आपोआप जुळणं जवळजवळ अशक्य.

दुसरं, पॅटर्न लावूनही तो कधी लागू होतो हे तपासावं लागतं. स्क्रीन बंद झाली म्हणजे कुलूप लागलं असं नाही. `Screen lock` च्या शेजारच्या चाकाच्या खुणेत दोन गोष्टी असतात. `Lock after screen timeout` म्हणजे स्क्रीन आपोआप विझल्यावर किती वेळानं कुलूप पडायचं, ते `Immediately` करावं. `Power button instantly locks` म्हणजे बाजूचं बटण दाबताच कुलूप, ते चालू असावं. सॅमसंगमध्ये हेच `Secure lock settings` मध्ये सापडतं. अप्पांच्या फोनची स्क्रीन विझायला दहा मिनिटं लागत होती, नातवानं व्हिडिओ बघताना मध्ये विझू नये म्हणून करून ठेवलेलं. अप्पा बटण दाबत नव्हते, फोन बघून झाला की तसाच खिशात टाकायचे. म्हणजे दहा मिनिटं यादी उघडी, वर लेकीचं नाव, आणि खाली अप्पांची छाती. `Screen timeout` तीस सेकंदांवर आणलं. नातू रुसला तो रुसला.

तिसरं, स्क्रीन विझल्यावर ती परत जागी कशी होते. `Double tap to turn on screen` म्हणजे दोनदा टिचकी मारली की स्क्रीन उजळते, आणि `Lift to wake` म्हणजे उचलला की उजळते. सॅमसंगमध्ये ही जोडी `Advanced features` मधल्या `Motions and gestures` मध्ये असते, बाकीच्यांत लॉक स्क्रीन किंवा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये. दोन्ही बंद केल्या. चालताना शर्टाची पट्टी दोनदा लागणं ही काही अवघड गोष्ट नाही.

चौथं म्हणजे उन्हाळ्याचं कारण. आजच्या स्क्रीनला दाब कळत नाही, वीज वाहून नेणारी वस्तू जवळ आलेली कळते. बोटातून ती वाहते, कोरड्या कापडातून नाही. पण अप्पांचा नेहरू शर्ट पातळ सुती, खिसा छातीवर, आणि परभणी जिल्ह्यातला मे महिना. घामानं कापड ओलं झालं की ते छातीच्या कातडीचाच भाग होऊन बसतं, आणि स्क्रीनला वाटतं बोट टेकलं. वरून त्यांच्या फोनवर जाड काच लावलेली, आणि काच लावणाऱ्यानं टच नीट चालावा म्हणून `Touch sensitivity` चालू करून दिलेलं. त्या सेटिंगचं कामच कापड, हातमोजा, काच ह्यांच्या आडूनही स्पर्श ओळखायचं. ते बंद केलं. जाड काचेमुळं टच अडत असेल तर पातळ काच लावावी, संवेदना वाढवू नये, असं माझं मत.

फुकटातला उपाय एकच: स्क्रीन अंगाकडं नको, बाहेरच्या बाजूला ठेवा. बसमध्ये धक्का लागून काच फुटायची भीती असेल तर झाकणाचं पाकीटवजा कव्हर घ्या. बायकांचा फोन अंगाला लागूनच ठेवलेला असतो, तिथं हे कव्हर नसेल तर बाकीच्या सेटिंगवर फार विसंबू नये.

खिसा ओळखणारं सेटिंगही असतं. सॅमसंगमध्ये `Accidental touch protection`, रेडमीमध्ये आणि आणखी काहींत `Pocket mode`. ते जरूर चालू करा. फोनच्या वरच्या कडेला कानाची जवळीक ओळखणारा सेन्सर असतो, तो झाकलेला दिसला की फोन स्पर्श मानत नाही. पण काही स्वस्त फोनमध्ये हा खरा सेन्सर नसतो, दुसऱ्या खुणांवरून अंदाज बांधलेला असतो, आणि अंदाज चुकतो. तपासायचं तर कॉल चालू असताना वरच्या कडेवर तळहात धरा. स्क्रीन लगेच विझली नाही, किंवा कधी विझते कधी नाही, तर ह्या सेटिंगवर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

आणखी एक सेटिंग मी जवळजवळ प्रत्येक वेळी बघतो, कारण ते लपलेलं असतं: `Extend Unlock`, पूर्वीचं नाव `Smart Lock`, आणि त्यातलं `On-body detection`. ते चालू असलं तर एकदा उघडलेला फोन अंगावर आहे तोवर उघडाच राहतो. नाव सोयीचं, पण पॅटर्न लावूनही खिशातून फोन जातात तेव्हा बऱ्याचदा हेच निघतं. अप्पांच्या फोनमध्ये नव्हतं, त्यांच्या जावयाच्या फोनमध्ये होतं.

तीन दिवसांनी परत फोन गेला

म्हणजे असं अप्पा म्हणाले. मुलीनं पुण्याहून मलाच फोन केला, "मामा, काल परत तसंच झालं. वीस मिनिटं." यादी उघडली. बाण आत येणारा. फोन तिनंच केला होता, बोलणं चार मिनिटांत झालं. तिला वाटलं अप्पा कापतील, अप्पांना वाटलं ती कापेल. अप्पांनी कानाचा फोन खाली घेतला, ह्या वेळी मात्र बाजूचं बटण दाबलं, स्क्रीन विझली, फोन खिशात. त्या बटणानं स्क्रीन विझते, कॉल कापला जाईलच असं नाही. तिचा फोन टेबलावर होता, थोड्या वेळानं हातात घेतला तर आतून खरखर आणि बैलाची घुंगरं.

ह्यावर सेटिंग आहे: `Accessibility` मध्ये `Power button ends call`. सॅमसंगमध्ये ते फोन ॲपच्या सेटिंगमध्ये `Answering and ending calls` खाली मिळतं. चालू केलं की बाजूच्या बटणानं कॉल कापला जातो. ह्यातही एक पेच आहे. खिशात किंवा स्पीकरवर बोलत असताना ते बटण चुकून दाबलं तर मधेच कॉल तुटतो. तशी तक्रार असणाऱ्यांनी हे बंदच ठेवावं. आयफोनमध्ये बाजूचं बटण एरवी कॉल कापतंच, आणि ते थांबवायचं असेल तर `Accessibility`, मग `Touch` मध्ये `Prevent Lock to End Call` आहे. अप्पांसाठी चालू केलं, तेव्हापासून ते वीस मिनिटांचे कॉल थांबले.

पॅटर्न लावल्यानंतर एक खूण लक्षात ठेवा. खिशातून फोन काढला आणि स्क्रीनवर `Try again in 30 seconds` दिसलं, तर खिशात पाच वेळा चुकीचा पॅटर्न काढला गेलाय. कुलूप टिकलं, पण स्क्रीन अजून जागी होतेय. म्हणजे तिसऱ्या मुद्द्यावर परत जा. हे हसण्यावारी नेऊ नका, कारण कुलपाच्या पडद्यावरही `Emergency call` चं बटण असतं, आणि तुम्ही आपत्कालीन संपर्क म्हणून नावं भरली असतील तर त्यांना कुलूप न उघडताही फोन लागतो.

११२ ची वाट ही. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये बाजूचं बटण भराभर पाच वेळा दाबलं की आपत्कालीन फोनची तयारी सुरू होते, सेटिंगमध्ये हे `Emergency SOS` नावानं असतं. घट्ट खिशात, किंवा गाडीच्या होल्डरमध्ये बटण अडकत असेल तर हे सहज घडतं. २०२३ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी जाहीर तक्रार केली होती की अशा चुकून लागलेल्या मुक्या फोनांमुळं त्यांच्या ९९९ वरचे कॉल बेसुमार वाढलेत. आपल्याकडं बटणाच्या फोनांनाही ५ किंवा ९ धरून ठेवल्यावर आपत्कालीन कॉल जाण्याची सोय २०१७ पासून नियमानंच घालायला लावलेली आहे. सोय बंद करा असं मी सांगणार नाही, म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये ती असलेली बरी. पण कव्हरमुळं बाजूचं बटण दाबून राहत असेल तर कव्हर बदला. आणि लागलाच चुकून, तर घाबरून कापू नका, "चुकून लागला, सगळं ठीक आहे" एवढं सांगून ठेवा, नाहीतर ते परत फोन करून चौकशी करतात.

बटणाच्या फोनला इलाज सोपा: सेटिंगमध्ये `Automatic keyguard` चालू करून वेळ कमीत कमी ठेवा, आणि स्पीड डायलचे नंबर काढून टाका.

आता उरला ज्याला फोन येतो त्याचा प्रश्न. अप्पांच्या मुलीला मी एवढंच सांगितलं: जोरात हाका मारून उपयोग नाही, तुझा आवाज कानाच्या छोट्या स्पीकरमधून येतो आणि खिशात तो कुणालाच ऐकू जात नाही. कॉल कापून टाक, मग उलटा लाव. रिंग वाजली की अप्पा फोन बाहेर काढतील. काढताना बोट लागून उचलला गेला आणि परत तीच खरखर आली, तर पुन्हा काप, पुन्हा लाव.

"आणि 'गेला' ऐकू आलं तर?" तिनं विचारलं.

"तर आधी विचार, काय गेलं."